फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात

आमच्या सोसायटीत सेक्रेटरी कसा निवडतात ते आधी सांगून टाकते. सर्वसाधारण सभा चालू होती आणि मला एकदम आठवलं, घरी दूध गॅसवर ठेवलंय. मी धावत वर गेले. परत येईपर्यंत दूध वाचलं होतं आणि मी सेक्रेटरी झाले होते. गैरहजर माणसाला विरोध करता येत नाही, हे आमच्या अध्यक्षांनी सभेला समजावून सांगितलं होतं म्हणे. तेव्हापासून हे घोंगडं माझ्या गळ्यात आहे. दिवसभर विमा कंपनीत लोकांचे क्लेम तपासायचे आणि संध्याकाळी पंपरूमशेजारच्या ऑफिसात बसून गळक्या पाइपांची गाऱ्हाणी ऐकायची.

पण ही गोष्ट माझी नाही. ही ए विंगच्या तळमजल्यावरच्या ऑपरेटरबाईंची आहे.

ऑपरेटरबाई एका मोठ्या कारखान्यात टेलिफोन बोर्डावर होत्या. बाहेरून येणारा प्रत्येक फोन त्यांच्या हातातून आत जायचा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तो बोर्डही आता भंगारात गेला असेल, पण बाईंच्या अंगातून काही तो गेला नाही. दाराची बेल वाजवली की आतून पहिला शब्द येतो, "बोला!" आवाज असा खणखणीत, की जिन्यातला अनोळखी माणूसही थांबून आपलं काम सांगून टाकतो. माणसांना त्या फ्लॅटच्या नंबरानेच ओळखतात. "चारशे दोनला सांग, त्यांचं कुरिअर माझ्याकडे आहे," असं म्हणतात. बोर्डावर बसून सगळ्या कारखान्याची गुपितं कानावरून गेली असणार, पण त्यातलं एकही कधी त्यांच्या तोंडून बाहेर पडल्याचं मी ऐकलं नाही. "माझ्या कानावर पडलं ते माझं नव्हतं," एवढंच म्हणायच्या. उंची बेताची, केस आखूड कापलेले, आणि डावा खांदा किंचित वर. अर्धं आयुष्य रिसीव्हर मानेत धरल्याने तो वर राहून गेला आहे.

त्यांच्या खिडकीत कुंड्या आहेत. शेवंती, गुलाब, सदाफुली, असलं साधंच काहीबाही. आणि रोज सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यातल्या एका फुलाचा फोटो यायचा. खाली एक अक्षर नाही. ना शुभ सकाळ, ना सुविचार. नुसतं फूल. तेही बरेचदा हललेलं, आणि कोपऱ्यात बाईंचा अंगठा. आम्ही सगळे हसायचो. दातांचे डॉक्टर, जे आमचे खजिनदार आहेत, ते म्हणायचे, "आज अंगठा फुलापेक्षा चांगला आलाय." मला तर रागच यायचा. ऑफिसला निघायच्या गडबडीत फोन वाजावा, पाण्याचा टँकर आला की काय म्हणून बघावं, तर शेवंती!

त्यांची सख्खी थोरली बहीण बी विंगमध्ये राहते. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, म्हणून हेडबाई. ताठ, उंच, पांढरी शुभ्र वेणी, आणि लिफ्टमध्ये शिरल्या की मुलं आपोआप शर्ट खोचतात. दोघी बहिणींनी इमारत बांधून होत असताना एकत्रच फ्लॅट घेतले, एक पुढच्या विंगमध्ये, एक मागच्या. खिडकीतून खिडकीत हाक मारता यावी म्हणून. आणि मग आई गेल्यावर दोघींचं बोलणं बंद झालं, ते बंदच राहिलं. हे सगळ्या सोसायटीला माहीत होतं. भाजीवाल्यालासुद्धा. एक गाडीशी उभी असली तर तो दुसरीला पाहून म्हणायचा, "जरा थांबून या." का बिनसलं ते मात्र कोणाला ठाऊक नव्हतं, आणि त्या दोघींना विचारायची कोणाची छाती नव्हती.

आता सोसायटीने काढलेल्या एका नोटिशीकडे येते.

तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी भाड्याने राहते, पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे. तिला अचानक अनोळखी नंबरांवरून फोन यायला लागले. नको त्या वेळी, नको ते बोलणारे. शोधता शोधता कळलं की आमच्याच ग्रुपमधून कोणीतरी तिचा नंबर आणि डीपीतला फोटो उचलून भलत्याच ठिकाणी टाकला होता. ग्रुप तपासायला बसलो तर आमचेच डोळे पांढरे झाले. कधीच घर सोडून गेलेले भाडेकरू, दोन इस्टेट एजंट, रंगकामाचा कंत्राटदार, आणि कोणाचे कोण हे कोणालाच माहीत नसलेले नंबर. सगळे आत. ग्रुपची लिंक कधीतरी कोणीतरी कुठेतरी पाठवलेली होती, आणि ज्याला मिळेल तो आत येत होता. ती मुलगी ऑफिसात माझ्यासमोर बसून रडली. मला स्वतःला मुलगी आहे. मी त्याच संध्याकाळी कमिटीची बैठक बोलावली आणि अध्यक्षांनी पेन काढलं.

अध्यक्ष बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या प्रत्येक वाक्यात एकदा तरी 'सदर' येतो. सदर ग्रुप, सदर सदस्य, सदर नंबर. मी मागून 'सदर' काढत गेले आणि ते पुढून घालत गेले. तरी नोटीस चांगली झाली, हे मी आजही म्हणेन. जुनी लिंक रद्द. नवा माणूस ॲडमिनच्या मंजुरीशिवाय आत येणार नाही. सध्याचा रहिवासी नसेल त्याला काढायचं. लहान मुलांचे फोटो त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत, आम्ही बाहेरगावी चाललोय असं जाहीर करायचं नाही, कोणाचा नंबर त्याला न विचारता पुढे द्यायचा नाही, आलेला ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, आपला फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन डीपी, लास्ट सीन वगैरे फक्त ओळखीच्यांना किंवा कोणालाच दिसणार नाही असं करावं. आपल्याला ग्रुपमध्ये कोण घालू शकतं तेही ठरवून घ्यावं. अध्यक्षांनी वर जोडलं, "तसेच वाचल्याची निळी खूण इत्यादी शक्य ते सर्व बंद ठेवावे." आणि शेवटी, फॉरवर्ड, शुभेच्छा, चित्रं, वादावादी, सगळ्यावर एकच इलाज: ग्रुपवर यापुढे फक्त ॲडमिन लिहितील. कोणाला काही म्हणायचं असेल तर ऑफिसात यावं किंवा ईमेल करावी.

रविवारी नोटीस दोन्ही विंगच्या लिफ्टशेजारी लागली, ग्रुपवर गेली, आणि मग मी ते सेटिंग बदललं. सगळ्यांच्या फोनवर लिहायच्या जागी एक ओळ आली: फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात. सोमवारी सकाळी फोन वाजला नाही. मी शांतपणे चहा प्यायले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

शनिवारी सुट्टी होती. सकाळी बेल वाजली. दारात ऑपरेटरबाई. हातात फोन, दुसऱ्या हातात छोटी कुंडी, शेवंतीची.

"मावशी, या ना. आणि हे काय?"

"तुला. बदल्यात एक काम आहे."

"ही लाच झाली," मी म्हटलं.

"मग ठेव खाली आणि नुसतं काम कर," त्या म्हणाल्या आणि येऊन सोफ्याच्या कडेवर बसल्या. नेहमीचा खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. मला वाटलं आता फुलावरून भांडण होणार. मी उत्तर तयारच ठेवलं होतं. नियम सगळ्यांना सारखा, एकाला सूट दिली की दुसरा येतो, वगैरे.

पण त्यांनी फुलाचा विषयच काढला नाही. "तू गुरुवारी टाकी धुण्याचा मेसेज टाकलास ना ग्रुपवर? तो कोणी कोणी वाचला ते तुला दिसतं. मला माहिती आहे. ज्याने मेसेज टाकला त्याला दिसतं. बोट दाबून ठेवायचं आणि माहिती उघडायची. त्यात ताईचं नाव बघ."

त्यांच्या तोंडून 'ताई' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"मावशी, असं कोणी काय वाचलं ते मी कसं सांगू? आपण आत्ताच नोटीस काढलीय. हेच तर सांगितलंय की दुसऱ्याच्या..."

"वाचली मी नोटीस. चांगली आहे. त्या पोरीला त्रास झाला, नोटीस पाहिजेच होती. मी तक्रार करायला आलेच नाही." मग म्हणाल्या, "काय वाचलं ते नको सांगूस. वाचलं की नाही एवढंच सांग."

मग त्यांनी मला ते फूल समजावून सांगितलं. कारखान्यात सकाळी बोर्डावर बसलं की पहिलं काम असायचं सगळ्या लाईन तपासायचं. बोलायचं कोणाशीच नाही. नुसतं बघायचं, पलीकडे लाईन जिवंत आहे ना. मेली असेल तर दुरुस्तीवाल्याला कळवायचं, असेल तर पुढची. "तसंच होतं हे," त्या म्हणाल्या. "मी फूल टाकायची. मग चहा घेऊन बसायची आणि माहिती उघडायची. थोड्या वेळात ताईचं नाव 'पोहोचले' मधून वर 'वाचले' मध्ये जायचं. झालं. माझा दिवस सुरू."

"म्हणजे एवढी वर्षं ते फूल आम्हा सगळ्यांना..."

"तुम्हा सगळ्यांना काय करायचंय माझ्या फुलाचं? अंगठा बघून हसता ते मला कळतं." त्यांच्या चेहऱ्यावर किंचित जुनी चमक आली आणि गेली.

"पण सरळ त्यांनाच पाठवायचं ना, एकटीला."

"तिला एकटीला पाठवलं की उत्तर द्यायचं की नाही हा प्रश्न आला. आणि तिने नाही दिलं, की ते न आलेलं उत्तर रोज माझ्या फोनमध्ये बसून राहणार. ग्रुपवर टाकलं की कोणी उत्तराची वाट बघत नाही. तिचीही अडचण नाही, माझीही नाही."

शेवंतीला हसणाऱ्यांत मी पहिली होते.

"आता आठवडा होत आला," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी फोन हातात घेते आणि ती तुमची ओळ बघते. आधी निदान लास्ट सीन तरी दिसायचं. तेही गेलं. ती मागच्या महिन्यात जिन्यात चक्कर येऊन बसली होती, वॉचमन सांगत होता. काल त्याला विचारलं, तर म्हणाला दोन दिवस खाली उतरलेल्या दिसल्या नाहीत."

"लास्ट सीन तुम्ही स्वतःचं बंद केलंत का?"

"नोटिशीत लिहिलंय ना. केलं."

"मग दुसऱ्याचंही दिसत नाही, मावशी. आपलं झाकलं की समोरच्याचंही झाकलं जातं. तसाच नियम आहे त्यांचा."

"असं होय," त्या म्हणाल्या, आणि मग हळूच, "ते नोटिशीत लिहायला हवं होतं गं."

हवं होतं. मी फोन उघडला. टाकी धुण्याच्या मेसेजवर बोट दाबून ठेवलं. वाचलेल्यांची यादी लांबलचक होती. मी ती खाली सरकवत गेले आणि बाई माझ्या खांद्यावरून न बघता समोरच्या भिंतीकडे बघत बसल्या. दुसऱ्याचा फोन बघायचा नाही, ही त्यांची सवय अशा वेळीही सुटत नव्हती. अगदी तळाशी, नुसतं पोहोचलेल्यांत, चार-पाच नावं होती. त्यांत हेडबाई.

"पोहोचलाय," मी म्हटलं. "वाचलेला नाही."

"गुरुवारचा."

"हो."

"म्हणजे फोन चालू आहे," त्या म्हणाल्या. "चार्ज केलेला आहे. इंटरनेट आहे." एक एक गोष्ट त्या अशा बोलल्या जणू बोर्डावरची एकेक पिन जागेवर लावतायत. "लाईन जिवंत आहे. उचलत कोणी नाही."

"चला, आपण जाऊन बेल वाजवू."

त्या उठल्या नाहीत. "मी कशी जाऊ?"

आणि तिथेच, माझ्या सोफ्याच्या कडेवर, जे सगळ्या सोसायटीला हवं होतं आणि कोणाला ठाऊक नव्हतं ते त्यांनी सांगितलं. आई हेडबाईंकडे होती, आजारी. एके दिवशी दुपारी आईचं एकदम बिघडलं. हेडबाईंनी कारखान्यात फोन केला. तो बोर्डावरच आला, म्हणजे धाकट्या बहिणीच्याच हातात. कामाच्या वेळेत स्वतःचा फोन घ्यायचा नाही असा नियम होता, त्याच आठवड्यात एकीला त्यावरून घरी बसवलं होतं, आणि सुपरवायझर मागेच उभा होता. "मी आवाज ओळखला," त्या म्हणाल्या. "ताईने नुसतं 'अगं' म्हटलं आणि मी ओळखलं. पण मी बोर्डाच्या आवाजात म्हणाले, 'थांबा, लाईन मोकळी नाही.' आणि तिला थांबवून ठेवलं. वाटलं, हा बाजूला झाला की बोलते. तो गेला तेव्हा मी फोन घेतला, तोवर तिने ठेवून दिला होता. घरी पोहोचले तेव्हा आई गेली होती. ताई मला एकच वाक्य म्हणाली. 'आई तुझं नाव घेत होती आणि तू मला थांबायला सांगितलंस.' त्यानंतर नाही बोलली. मीही नाही गेले. कुठल्या तोंडाने जाऊ?"

बोलताना त्यांचा डावा खांदा वर गेला होता, कानाला लागेल इतका. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार? एवढी वर्षं एक बाई रोज सकाळी फुलाच्या आडून बहिणीचा श्वास मोजत होती, आणि मी ते फूल बंद करून पाठ थोपटून घेत होते.

"मी जाते," मी म्हटलं. "तुम्ही इथेच बसा."

"माझं नाव नको घेऊस."

"नाही घेत. टाकीच्या कामाला आले म्हणेन." मग मला काय वाटलं कोण जाणे, मी माझा फोन तसाच, ती यादी उघडी असलेला, त्यांच्या हातात दिला. "हा ठेवा. अधूनमधून बोट लावत राहा म्हणजे विझणार नाही. काही बदललं तर इथेच दिसेल." आपला फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, हे वाक्य नोटिशीत मीच घातलं होतं.

बी विंगचे जिने मी कसे चढले ते विचारू नका. लिफ्टची वाट बघायचा धीर नव्हता. वर पोहोचून बेल दाबली. काहीच नाही. पुन्हा दाबली. आतून काहीतरी सरकल्याचा आवाज आला आणि माझ्या जिवात जीव आला. दार उघडलं. हेडबाई. वेणी तशीच, साडी तशीच चोपून नेसलेली, फक्त एका पायाला क्रेप बँडेज आणि हातात काठी.

"पाय मुरगळलाय," त्या म्हणाल्या, मी विचारायच्या आधीच. "वॉचमनला सांगायचं नाही, तो सगळीकडे पेपर वाटल्यासारखा सांगत सुटतो. आत या. टाकीचं काम असेल."

"हो," मी म्हटलं. "ग्रुपवर मेसेज टाकला होता. आज पाणी जपून वापरा म्हणून. तुम्ही वाचला नाहीत."

चष्म्याच्या वरून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझा हात आपोआप ओढणी नीट करायला गेला. "मी वाचला नाही हे तुम्हाला कसं कळलं?"

आता सापडले! पण त्या रागावलेल्या वाटल्या नाहीत. त्या माझ्याकडे नीट बघत होत्या, वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्या मुलीकडे बघावं तशा.

"मी तुमची नोटीस खाली लिफ्टपाशी उभी राहून वाचली," त्या म्हणाल्या. "सगळी. त्यात 'सदर' फार आहेत. मग शेजारच्या मुलीकडून एकेक सेटिंग करून घेतलं. वाचल्याची खूणसुद्धा बंद केली. नोटिशीत होतं म्हणून केली. घरी आल्यावर लक्षात आलं, मी काय करून बसले ते."

"काय केलंत?"

त्या खुर्चीत बसल्या. काठी मांडीवर आडवी घेतली. टेबलावर त्यांचा फोन होता, पालथा ठेवलेला.

"सकाळी फूल यायचं," त्या म्हणाल्या. "मी फूल बघायला ग्रुप उघडत नव्हते. फुलात काय आहे, तिला फोटो काढताच येत नाही. मी उघडायची ते तिला कळावं म्हणून. माझ्या शाळेतल्या एका बाईने मला ते दाखवलं होतं, कोणी वाचलं ते पाठवणाऱ्याला कसं दिसतं. मग मी ठरवलं, रोज उघडायचं. उशीर करायचा नाही. उशीर झाला की ती खिडकीत येऊन उभी राहायची, मला इथून दिसायचं." त्यांनी खिडकीकडे बोट केलं. खाली ए विंगच्या तळमजल्यावरच्या कुंड्या दिसत होत्या. "मग मी पटकन उघडायची. ती आत जायची."

मला रडू आवरेना. मी सरळ रडले. सेक्रेटरीने रडू नये असं कुठल्या उपविधीत लिहिलेलं नाही.

"आता फूल येत नाही," हेडबाई म्हणाल्या. "आणि ती खूणही मी स्वतःच्या हाताने बंद केली. आता मी काहीही उघडलं तरी तिला कळणार नाही. मग कशाला उघडू? पडलाय तिथे."

"बाई," मी नाक पुसत म्हटलं, "ती खूण ग्रुपमध्ये बंद होतच नाही. एकेकट्याच्या मेसेजला होते. ग्रुपमध्ये तुम्ही काहीही केलंत तरी दिसतं. तिथे सेटिंगखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं."

"मला चष्म्याशिवाय बारीक दिसत नाही, आणि चष्मा घरी विसरले होते," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "म्हणजे मी आता उघडलं तर..."

"तर मला कळेल. टाकीचा मेसेज मी टाकलाय. फूल असतं तर त्यांना कळलं असतं."

"मग तुम्हाला कळून काय उपयोग?"

मावशींनी नाव घेऊ नकोस म्हटलं होतं. मी घेतलं नाही. मी एवढंच म्हटलं, "माझा फोन माझ्याकडे नाहीये. माझ्या घरी एकजण बसलंय, त्यांच्या हातात आहे. यादी उघडी आहे."

हेडबाईंनी काठी बाजूला ठेवली. फोन सुलटा केला. मुख्याध्यापिका ती मुख्याध्यापिका, त्यांनी चष्मा पुसला, नीट घातला, मग ग्रुप उघडला. टाकीचा मेसेज सगळा वाचला, ओठ हलवत, पाणी भरून ठेवावे इथपर्यंत. मग फोन टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसल्या. मीही बसले. खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती लागत नव्हती.

फोन वाजला.

हेडबाईंनी वाकून पाहिलं. मग माझ्याकडे. "सेक्रेटरी," त्यांनी पडद्यावरचं नाव वाचलं. "पण तुम्ही तर इथे बसलात."

"हो," मी म्हटलं.

तो वाजत राहिला. मला वाटलं, थांबेल आता. त्यांनी पदराने डोळे टिपले, ताठ बसल्या, आणि फोन कानाला लावला. पलीकडून काही ऐकू आलं नाही. तिथे तर 'बोला' म्हणणारी बाई होती, पण एक अक्षर फुटत नव्हतं.

"बोल," हेडबाई म्हणाल्या. "लाईन मोकळी आहे."

मी उठले, चपला घातल्या आणि आवाज न करता दार ओढून घेतलं. माझा फोन मला संध्याकाळी परत मिळाला, चार्ज संपलेला.